दाबल्यावर वीज: क्यूरी बंधूंनी स्फटिक कसे निवडले?

टुर्मलीन नावाचे खनिज तापवले की त्याच्या एका टोकाला धन आणि दुसऱ्या टोकाला ऋण प्रभार येतो, हे अठराव्या शतकापासून युरोपात ठाऊक होते. १८८० साली पॅरिसमध्ये जाक आणि प्येर क्यूरी या भावांनी त्यावर पुढचा प्रश्न विचारला. तापवण्याऐवजी स्फटिक नुसता दाबला तर? प्येर तेव्हा अवघा २१ वर्षांचा होता. त्यांनी दिसेल तो स्फटिक दाबून पाहिला नाही. कोणते स्फटिक वीज देऊ शकतील हे सममितीवरून आधी ठरवले, मगच कथिलाचा पत्रा आणि विद्युत्‌मापक हाती घेतला.

त्यांच्या तर्काचा गाभा आपण वर्गात फळ्यावरही मांडू शकतो. स्फटिकाच्या मध्याशी सममिती-केंद्र आहे असे समजू. म्हणजे प्रत्येक अणूच्या बरोबर समोर, केंद्रापलीकडे तेवढ्याच अंतरावर, तसाच दुसरा अणू आहे. अशा स्फटिकाला दोन बाजूंनी दाबले आणि धन-ऋण प्रभार सरकून वीज निर्माण झाली, तर तिची दिशा आपण बाणाने दाखवू. आता सगळे चित्र केंद्रातून उलटे करू. स्फटिक होता तसाच राहतो. दाब दोन्ही बाजूंनी असल्यामुळे तोही तसाच राहतो. बाण मात्र उलटा होतो. तोच स्फटिक आणि तोच दाब असताना उत्तर दोन प्रकारचे कसे येईल? तेव्हा बाण शून्यच असला पाहिजे. म्हणूनच मिठाचा खडा कितीही दाबला तरी वीज देत नाही.

क्वार्ट्झला असे केंद्र नाही. त्याच्या उभ्या अक्षाभोवती १२० अंश फिरवले तर रचना तशीच दिसते. शिवाय आडव्या पातळीत तीन अक्ष आहेत, त्यांपैकी कोणत्याही अक्षाभोवती अर्धी फेरी दिली तरी ती तशीच राहते. न दाबलेल्या क्वार्ट्झमध्ये आडवा बाण असता तर १२० अंशांच्या फेरीने तो हलला असता, म्हणून आडवा बाण नाही. उभा बाण असता तर आडव्या अक्षाभोवतीच्या अर्ध्या फेरीने तो उलटला असता, म्हणून तोही नाही. उभ्या अक्षाच्या दिशेने दाबले तर यातली एकही सममिती मोडत नाही, त्यामुळे वीजही नाही. पण एका आडव्या अक्षाच्या दिशेने दाबले की उभा अक्ष आणि इतर दोन आडवे अक्ष निकामी होतात. उरतो तो दाबाच्याच दिशेचा अक्ष. त्याच्याभोवती अर्धी फेरी दिली तरी त्याच्यावरचा बाण जागचा हलत नाही. आता विजेला मज्जाव राहत नाही. क्यूरी बंधूंना प्रयोगात नेमके हेच दिसले.

इथे एक धोका सांगायला हवा. सममिती परवानगी देते, हमी देत नाही. क्वार्ट्झचे पुष्कळ नैसर्गिक खडे जुळे असतात. त्यांत दोन भाग असे वाढलेले असतात की त्यांचे बाण परस्परविरुद्ध येतात. असा खडा दाबला तर काटा जेमतेम हलतो. चूक नियमाची नसते, नमुन्याची असते.

स्फटिकांचे बिंदुगट, म्हणजे अशा सममितींचे संभाव्य संच, एकूण ३२ आहेत. हेसेलने ते १८३० सालीच मोजले होते. त्यांपैकी २१ गटांत केंद्र नाही. त्यांतल्या एका घनाकृती गटात उरलेले अक्षच सगळी वीज मारून टाकतात. म्हणून दाबविद्युत शक्य असलेले गट २०. या विसांपैकी १० गटांत बाण दाबाशिवायही टिकू शकतो. फेरोइलेक्ट्रिक पदार्थ, म्हणजे ज्यांतला हा आपसूक बाण बाहेरच्या विद्युत्‌क्षेत्राने उलटवता येतो असे पदार्थ, या दहांतच सापडतात.

क्यूरी बंधूंच्या यादीत रोशेल लवणही होते. २४ अंश सेल्सियसच्या वर त्याला एकमेकांशी काटकोनात असलेले, अर्ध्या फेरीचे तीन अक्ष असतात. प्रत्येक अक्ष उरलेल्या दोघांवरचा बाण उलटवतो, म्हणून आपसूक बाण शून्य. दाबविद्युत मात्र शक्य आहे. २४ अंशांखाली, उणे १८ अंशांपर्यंत, यातला एकच अक्ष उरतो आणि त्याच्यावर बाण उभा राहतो. तो इकडे रोखलेला असो की तिकडे, दोन्ही स्थिती ऊर्जेच्या दृष्टीने सारख्याच. अमेरिकेत जोसेफ व्हालासेकला १९२० साली या लवणात लोखंडाच्या चुंबकत्वासारखे मागे रेंगाळणारे वलय आलेखावर दिसले. सममितीतला बदल मागाहून उलगडला.

मग ज्या टुर्मलीनपासून आपण सुरुवात केली त्याचे काय? तेही त्या दहा गटांत बसते आणि बाणही त्यात कायमचा आहे. पण त्याची दिशा अणूंच्या बांधणीतच पक्की झालेली आहे. ती उलटवायची तर सगळी बांधणीच उलटी रचावी लागेल, आणि ते बाहेरच्या विद्युत्‌क्षेत्राला साधत नाही. बिंदुगट पाहून आपण टुर्मलीनला ‘कदाचित’ एवढेच म्हणू शकतो. ते फेरोइलेक्ट्रिक नाही, हे वलय काढू पाहिल्यावरच कळते.