ऑरेस्टिया : किरमिजी वस्त्र आणि जाळे

ग्रीक नाटककार एस्किलस याच्या इ. स. पू. ४५८ मधील ‘ऑरेस्टिया’ या नाटकत्रयीत रंग आणि कापड यांची एक सलग प्रतीकमाला आहे. ती ‘अॅगमेम्नॉन’पासून ‘युमेनिडीझ’च्या अखेरपर्यंत चालते.

पहिला रंग केशरी. ट्रॉयवर स्वारी करण्यापूर्वी अॅगमेम्नॉनने आपली मुलगी इफिजीनिया हिचा बळी दिला. त्या वेळी तिचे केशरी वस्त्र जमिनीवर ओघळले, असे वृंद सांगतो. दहा वर्षांनी विजयी राजा परततो, तेव्हा राणी क्लायटेम्नेस्ट्रा रथापासून राजवाड्याच्या दारापर्यंत किरमिजी वस्त्रे अंथरायला लावते. हे गालिचे नव्हेत. घरातली भरजरी, नाजूक कापडे आहेत. समुद्री गोगलगायींपासून काढलेला हा रंग चांदीच्या तोलाचा मानला जाई. देवांसाठी राखून ठेवावे असे कापड तुडवायला राजा कचरतो, पण अखेर पायताण काढून त्यावरून आत जातो. घरची दौलत पायदळी तुडवणे, मुलीचे रक्त आणि राजाचे येऊ घातलेले मरण हे तिन्ही अर्थ त्या चालण्यात एकत्र येतात.

आत राणी त्याच्यावर मासेमारीच्या जाळ्यासारखे, कुठूनही सुटका नसलेले वस्त्र टाकते आणि तीन घाव घालते. त्याआधी ट्रॉय शहरावर पडलेल्या जाळ्याचा उल्लेख येऊन गेलेला असतो. म्हणजे जाळे टाकणारा स्वतःच जाळ्यात सापडतो. दुसऱ्या नाटकात त्यांचा मुलगा ऑरेस्टीझ आईला मारल्यावर तेच रक्ताने डागळलेले वस्त्र पसरून पुरावा म्हणून दाखवायला लावतो. तिसऱ्याच्या शेवटी ऑरेस्टीझचा पाठलाग करणाऱ्या सूडदेवतांना किरमिजी झगे घातले जातात. अथेन्समध्ये स्थायिक झालेले परदेशी लोक पॅनअथेनिआ उत्सवात असेच झगे घालत, त्यामुळे रक्ताचा रंग इथे नागरी स्वीकाराचा रंग ठरतो.

अंथरलेले कापड आणि खुनाचे वस्त्र एकच आहे का, हे संहितेत स्पष्ट नाही. तो निर्णय दिग्दर्शकाचा. केटी मिचेल यांनी लंडनच्या नॅशनल थिएटरमधील १९९९च्या प्रयोगात लहान मुलींचे लाल फ्रॉक एकत्र शिवून अंथरायचे कापड तयार केले. त्यामुळे राजा थेट मुलीच्या आठवणीवरून चालत जातो. पेटर श्टाइन यांच्या १९८०च्या बर्लिनमधील प्रयोगात शेवटी सूडदेवतांना किरमिजी कापडात घट्ट गुंडाळले गेले. सन्मान आणि बंदिवास यांतली सीमा त्यातून पुसट झाली.

भडक लाल रंगाची सरधोपट पायघडी वापरली, तर मात्र प्रसंगाचा अर्धा अर्थ हरवतो. प्रेक्षकाला रक्त दिसते किंवा पुरस्कार सोहळा आठवतो, पण कापडाची नासाडी जाणवत नाही. राजा का कचरतो, हे कळण्यासाठी पावलाखाली चुरगळणारे पातळ, वेलबुट्टीदार कापड अधिक उपयोगी पडते.