ग्राहकाने कुरिअरला पैसे दिले, पण विक्रेत्याला मिळाले नाहीत. सीओडीची रक्कम कशी शोधायची?

नागपूरच्या गांधीबागेतल्या कापड बाजारातून साड्या आणि ड्रेस मटेरियल आता व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्रामवरूनही विकलं जातं. अनोळखी दुकानाला आधी पैसे पाठवायला ग्राहक कचरतो, म्हणून कॅश ऑन डिलिव्हरी म्हणजे सीओडी द्यावी लागते. अडचण पुढे येते. ट्रॅकिंगवर `Delivered` दिसतं, ग्राहक म्हणतो पैसे दिले, पण विक्रेत्याच्या खात्यात ती रक्कम दिसत नाही.

पैसे कोणत्या वाटेने येतात?

डिलिव्हरी बॉय दिवसभराची रोकड संध्याकाळी शाखेत भरतो. तिथून ती कुरिअर कंपनीच्या खात्यात जाते. कंपनी ठरलेल्या वारी अनेक पार्सलांचे पैसे एकत्र करून पाठवते. याला रेमिटन्स म्हणतात. पार्सल पोहोचल्यापासून किती दिवसांनी पैसे द्यायचे, हे करारात लिहिलेलं असतं. बुकिंग एखाद्या शिपिंग अ‍ॅपवरून केलं असेल, तर कुरिअर आधी त्या अ‍ॅपला पैसे देतं आणि अ‍ॅप विक्रेत्याला. त्यामुळे जवळच्या शाखेत जाऊन भांडण्याचा सहसा उपयोग होत नाही. हिशेब शाखेकडे नसतो. ज्याच्याशी करार, त्यालाच विचारावं लागतं.

फरक कसा काढायचा?

खात्यात आलेली रक्कम एखाद्या पार्सलच्या किमतीशी जुळत नाही, कारण ती अनेक पार्सलांची बेरीज असते आणि त्यातून काही कापलेलंही असतं. एक उदाहरण पाहू.

समजा, एका विक्रेत्याने प्रत्येकी ₹900 ची 20 पार्सलं पाठवली. 4 परत आली, 16 पोहोचली. म्हणजे ₹14,400 यायला हवेत. खात्यात आले ₹10,375.20. फरक ₹4,024.80 चा आहे, पण सगळी रक्कम अडकलेली नाही.

आधी तारखा पाहायच्या. 3 पार्सलं हिशेबाच्या तारखेनंतर पोहोचली, त्यांचे ₹2,700 पुढच्या हप्त्यात येतील. मग कपात पाहायची. परत आलेल्या 4 पार्सलांचं प्रत्येकी ₹70 परतीचं भाडं आणि 2 पार्सलांचं वजन जास्त भरल्याचे प्रत्येकी ₹40, असे ₹360. त्यावर 18 टक्के जीएसटी धरून ₹424.80. उरले बरोबर ₹900. शोधायचं आहे ते हे एकच पार्सल.

ते पार्सल कसं सापडतं?

पॅनेलमधून त्या हप्त्याचा रेमिटन्स रिपोर्ट डाउनलोड करायचा. त्यात प्रत्येक पार्सलचा एडब्ल्यूबी नंबर, म्हणजे ट्रॅकिंगसाठी वापरतो तोच नंबर, आणि रक्कम असते. पोहोचलेल्या पार्सलांची यादी त्याच्याशी ताडून पाहिली की यादीत आहे पण रिपोर्टमध्ये नाही, असा नंबर वेगळा पडतो.

मग त्या पार्सलचं लेबल पाहायचं. बुकिंग करताना चुकून `Prepaid` निवडलं असेल, तर कुरिअरने पैसे घेतलेलेच नसतात. लेबलवर `COD` आणि रक्कम बरोबर असेल, तर ग्राहकाला विचारायचं: पार्सल कधी मिळालं, रोख दिली की क्यूआर स्कॅन केला? यूपीआयने दिले असतील तर त्याच्याकडे 12 अंकी व्यवहार क्रमांक असतो. पैसे कंपनीच्या खात्यात गेले की कुणाच्या खासगी नंबरवर, हेही स्क्रीनशॉटवर दिसतं. पार्सल मिळालंच नाही असं तो म्हणाला, तर तक्रार पैशांची नसून खोट्या डिलिव्हरीची आहे.

पार्सल रिपोर्टमध्ये आहे पण पूर्ण हप्ताच आला नाही, असंही होतं. तेव्हा रिपोर्टमधला यूटीआर नंबर बँक स्टेटमेंटमध्ये शोधायचा. तो सापडला नाही तर बँकेत विचारायचं. खाते क्रमांक किंवा आयएफएससी चुकल्यास पैसे परत गेलेले असू शकतात. यूटीआरच नसेल, तर पैसे अजून पाठवलेलेच नाहीत. केवायसी अपुरं असणं किंवा वॉलेट उणे असणं, हे त्याचं कारण असू शकतं.

तक्रारीत काय लिहायचं?

‘पैसे आले नाहीत’ एवढंच लिहिलं तर ‘प्रक्रिया सुरू आहे’ असं उत्तर येतं. एडब्ल्यूबी नंबर, डिलिव्हरीची तारीख, रक्कम, करारानुसार पैसे देण्याची तारीख आणि ग्राहकाचा पुरावा द्यायचा. पार्सल घेताना झालेल्या सहीची किंवा ओटीपीची नोंद मागायची. हे सगळं ईमेलवर किंवा तिकीट काढून करायचं. फोनवरच्या आश्वासनाची नोंद राहत नाही. वजनावरचा आक्षेप मात्र ठरावीक दिवसांतच घेता येतो, म्हणून रिपोर्ट दर हप्त्याला तपासलेला बरा.

पुढचा मार्ग कोणता?

अनेक जण ‘एमएसएमई समाधान’ पोर्टल सुचवतात. पण ते विकलेल्या मालाचे किंवा सेवेचे पैसे खरेदीदाराने थकवले तर आहे. कुरिअर हा खरेदीदार नाही. शिवाय 2021 मध्ये किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळाली, ती फक्त प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरती. त्यामुळे लेखी तक्रारीला उत्तर आलं नाही, तर करारातली वाद सोडवण्याची तरतूद पाहून वकिलामार्फत नोटीस पाठवणं हा सरळ मार्ग उरतो. नोटिशीला जोडायला तोच रिपोर्ट आणि तेच ईमेल लागतात.