बिसाकोडिल व लॅक्ट्युलोज (बद्धकोष्ठतेवरील दोन रेचके)

बद्धकोष्ठतेवर घरोघरी वापरली जाणारी ही दोन औषधे आहेत. बिसाकोडिलची गोळी झोपताना घेतात, तर लॅक्ट्युलोज हे गोड, दाट सिरप असते. दुकानात दोन्ही ‘पोट साफ होण्याचे औषध’ म्हणून मागितली जात असली, तरी त्यांचे काम निराळे आहे. बिसाकोडिलचा परिणाम तासांत मोजतात, लॅक्ट्युलोजचा दिवसांत. हा फरक ध्यानात न घेतल्याने पहिले औषध गरजेपेक्षा जास्त घेतले जाते आणि दुसरे गुण येण्याआधीच सोडले जाते.

बिसाकोडिल हे उत्तेजक रेचक आहे. मोठ्या आतड्यात त्याचे क्रियाशील रूप तयार होते. ते आतड्याच्या भिंतीला चेतवते, त्यामुळे आतडे आवळून मळ पुढे ढकलते आणि आत पाणीही जास्त झिरपते. प्रौढांसाठी मात्रा ५ ते १० मिलिग्रॅम, म्हणजे एक किंवा दोन गोळ्या. पहिल्यांदा घेणाऱ्याने एकाच गोळीपासून सुरुवात करावी. परिणामाला साधारण ६ ते १२ तास लागतात. रात्री दहाला घेतलेली गोळी पहाटे चार ते सकाळी दहाच्या दरम्यान काम करते, आणि झोपताना घेण्याचे कारण हेच. सकाळी उठून काहीतरी प्यायल्यावर आतडे आपणहून हालचाल करते, त्या वेळेशी गोळीचा जोर जुळून येतो. पहाटेची एसटी पकडायची असेल, तर आदल्या रात्री ही गोळी घेऊ नये. याच औषधाची गुदद्वारात ठेवायची वडी मात्र १५ ते ६० मिनिटांतच परिणाम दाखवते.

या गोळीवर एक आवरण असते. ते जठरातील आम्लात टिकून राहावे आणि पुढे आतड्यात विरघळावे, अशी त्याची रचना असते. आपल्याकडे रात्रीची गोळी कोमट दुधाबरोबर घ्यायची सवय आहे, आणि या औषधाच्या बाबतीत तीच सवय नडते. दुधाने किंवा आम्लपित्ताच्या औषधाने जठरातील आम्लता कमी होते, आवरण तिथेच विरघळते, मग मळमळते आणि पोटात कळा येतात. म्हणून दूध व अँटासिड यांच्यात आणि या गोळीत किमान एक तासाचे अंतर ठेवावे. गोळी चावू नये, कुटू नये, अर्धी करू नये. साध्या पाण्याबरोबर सबंध गिळावी.

लॅक्ट्युलोज ही गॅलॅक्टोज व फ्रुक्टोज यांपासून बनवलेली कृत्रिम साखर आहे. माणसाच्या लहान आतड्याला ती पचवता येत नाही, त्यामुळे ती जशीच्या तशी मोठ्या आतड्यात पोहोचते. तिथले जिवाणू ती आंबवतात व आम्ले तयार होतात. ही साखर आणि ही आम्ले पाणी आतड्यात धरून ठेवतात आणि मळ मऊ होतो. या सगळ्याला वेळ लागतो. पहिला परिणाम २४ ते ४८ तासांनी दिसतो, काहींना तिसरा दिवस उजाडतो. सुरुवातीची मात्रा रोज १५ ते ३० मिलिलिटर असते. भारतात मिळणाऱ्या सिरपमध्ये सहसा १५ मिलिलिटरला १० ग्रॅम लॅक्ट्युलोज असते. ते झोपतानाच घ्यायला हवे असे नाही. रोज एक ठरावीक वेळ पाळली की पुरे. आंबण्यामुळे पहिले काही दिवस पोट गुबारते, गॅस होतो. बहुतेकांना तो पुढे कमी होतो.

निवड कशी करायची, हे एका उदाहरणाने पाहू. समजा, ६६ वर्षांच्या एका आजींना लोहाच्या गोळ्या सुरू झाल्यापासून खडा होतो आहे आणि चार दिवस शौचाला झालेली नाही. पोट मऊ आहे, वारा सरतो, उलटी नाही, रक्त नाही. त्यांना दोन गोष्टी हव्या आहेत : साचलेला मळ आज सुटावा आणि पुढचे काही आठवडे तो पुन्हा साचू नये. पहिल्या कामाला बिसाकोडिल योग्य. रात्रीचे दूध संध्याकाळी घेऊन त्या साडेदहाला पाण्याबरोबर ५ मिलिग्रॅमची एक गोळी घेतात. सकाळी चहानंतर थोडी कळ येऊन आधी कडक, मग सैल शौचाला होते. त्याच दिवशी संध्याकाळी लॅक्ट्युलोज १५ मिलिलिटर सुरू करतात. पुढचे दोन दिवस मात्र काहीच होत नाही.

इथेच बहुतेक जण चुकतात. आतडे रिकामे झाल्यावर ते पुन्हा भरायला एक-दोन दिवस जाणारच, आणि लॅक्ट्युलोजचा गुणही अजून यायचा असतो. त्या धास्तीने दुसऱ्या रात्री पुन्हा बिसाकोडिल घेतले, की रोजच्या गोळीचे चक्र सुरू होते. आजींनी थांबावे. तिसऱ्या दिवशीही मळ कडकच असेल, तर लॅक्ट्युलोज ३० मिलिलिटर करावे. पातळ होऊ लागले तर कमी करावे.

पाण्याचा प्रश्न दोन्ही औषधांना लागू आहे, पण लॅक्ट्युलोजला अधिक, कारण ते पाणी धरूनच काम करते. दिवसभरात एकूण दीड ते दोन लिटर द्रव पोटात जावा. त्यात ताक, सार, वरणाचे पाणी आणि चहाही मोजावा. आजी २०० मिलिलिटरचे चार पेले पाणी आणि दोन लहान कप चहा घेतात, म्हणजे जेमतेम एक लिटर. सकाळी उठल्यावर एक पेला, दुपारच्या जेवणात ताकाचा एक पेला आणि चारच्या सुमारास आणखी एक, एवढी भर घातली की १.६ लिटर होते. हे सगळे संध्याकाळी सातपूर्वी आटोपावे, नाहीतर रात्री लघवीला उठताना पडण्याची भीती असते. लघवी फिकट पिवळी असेल तर पाणी पुरेसे आहे. त्यापुढे तांब्यावर तांब्या रिचवल्याने मळ आणखी मऊ होत नाही. जादा पाणी लघवीवाटे निघून जाते. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारात डॉक्टरांनी पाण्याची मर्यादा घालून दिली असेल, तर तीच पाळावी; अशा रुग्णाने या नोंदीतला आकडा धरू नये.

बिसाकोडिल डॉक्टरांना न विचारता आठवड्यापेक्षा जास्त घेऊ नये. जुलाब होऊन पोटॅशियम घटते; लघवी वाढवणाऱ्या गोळ्या किंवा डिगॉक्सिन घेणाऱ्यांना हा धोका जास्त. लॅक्ट्युलोज दीर्घकाळ चालते, गरोदरपणातही सहसा डॉक्टर तेच सुचवतात. गॅलॅक्टोसीमिया या जन्मजात विकारात मात्र ते वर्ज्य आहे. मधुमेह्यांना नेहमीच्या मात्रेत बहुधा अडचण येत नाही, पण सिरपमध्ये इतर शर्कराही थोड्या असतात, म्हणून साखर तपासत राहावी. मुलांना दोन्हींपैकी कोणतेही औषध डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय देऊ नये.

कधीकधी कडक मळ गुदाशयातच अडकतो आणि त्याच्या कडेने पातळ पाणी झिरपते. घरच्यांना ते जुलाब वाटतात आणि रेचक बंद केले जाते, किंवा उलट लॅक्ट्युलोज वाढवून पोट आणखी फुगते. तिथे आधी वडी किंवा एनिमा लागतो आणि ते तपासून ठरवावे लागते. पोट फुगून वारा सरणेही बंद झाले, उलट्या किंवा तीव्र पोटदुखी सुरू झाली, तर कोणतेही रेचक न घेता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. शौचातून रक्त जात असेल, वजन घटत असेल किंवा पन्नाशीनंतर शौचाची सवय अचानक बदलली असेल, तर औषध निवडण्याआधी कारण शोधून घ्यावे.