कॅन, कुड आणि वॉज एबल टू : क्षमता आणि प्रसंग यांतील भेद

इंग्रजी व्याकरणातील गाळलेल्या जागा भरताना मराठी विद्यार्थी 'कुड' या शब्दापाशी हमखास अडखळतात. शब्दकोशात 'कुड' म्हणजे 'शकला' असा अर्थ दिलेला असतो आणि चुकीचा उगम तेथेच आहे. 'शकला' या मराठी रूपातून कृती प्रत्यक्ष घडल्याचे समजते. 'कुड' मात्र होकारार्थी वाक्यात केवळ भूतकाळातील सर्वसाधारण क्षमता सांगते. त्या क्षमतेचा उपयोग एखाद्या विशिष्ट वेळी झाला, असे त्यातून सूचित होत नाही. ते सांगण्यासाठी 'वॉज एबल टू' किंवा अनेकवचनी कर्त्यासाठी 'वर एबल टू' ही रचना योजावी लागते.

मराठीतही हा भेद आहेच. 'त्याला पोहता येत असे' ही क्षमता झाली, तर 'त्याला काठ गाठता आला' हा प्रसंग झाला. वाक्य मनात मराठीत आणावे. 'येत असे' शोभत असेल तर 'कुड', 'आले' किंवा 'शकला' शोभत असेल तर 'वॉज एबल टू' लिहावे. वर्तमानकाळातील 'येते' यासाठी 'कॅन' योग्य ठरते.

पुढील उतारा पाहू. 'माय अंकल ___ स्विम व्हेरी वेल व्हेन ही वॉज यंग. वन डे हिज बोट ओव्हरटर्न्ड, बट ही ___ रीच द बँक. ही ___ सेव्ह हिज बॅग, सो ही लॉस्ट ऑल हिज पेपर्स. ही इज सेव्हन्टी नाउ, बट ही ___ स्टिल स्विम.'

पहिल्या जागी तरुणपणीचे कौशल्य आहे, म्हणून 'कुड'. दुसऱ्या जागी 'वन डे' हे शब्द एकच प्रसंग दाखवतात आणि काका काठावर पोहोचले आहेत, म्हणून 'वॉज एबल टू'. येथे 'कुड' लिहिल्यास ते खरोखर पोहोचले की नाही, हे स्पष्ट होत नाही. तिसऱ्या जागी कागदपत्रे गमावल्याचा उल्लेख नकार सुचवतो. क्षमताच नव्हती म्हटले की कृती घडली नाही हे ओघानेच येते. त्यामुळे नकारात दोहोंतील भेद उरत नाही आणि 'कुडन्ट' व 'वॉजन्ट एबल टू' ही दोन्ही उत्तरे बरोबर ठरतात. चौथ्या जागी आजची क्षमता असल्याने 'कॅन' येते.

एक अपवाद लक्षात ठेवावा. पाहणे, ऐकणे, वास येणे, आठवणे, समजणे या अर्थांच्या क्रियापदांबरोबर एकाच प्रसंगासाठीही 'कुड' चालते. बोट उलटली त्या क्षणी काकांना काठावरच्या लोकांचा आवाज ऐकू आला असेल, तर 'ही कुड हिअर देअर व्हॉइसेस' हे वाक्य निर्दोष आहे. म्हणून केवळ 'वन डे' किंवा 'यस्टरडे' पाहून उत्तर ठरवू नये. रिकाम्या जागेपुढील क्रियापदही अवश्य वाचावे.