नॉन-स्टिक पॅनमधली करपलेली साखर: खरवडायची नाही, विरघळवायची

कॅरॅमल कस्टर्डसाठी मी पॅनमध्ये 150 ग्रॅम साखर वितळवत होतो. तेवढ्यात ऑफिसचा कॉल आला. परत आलो तर तळाला काळा, काचेसारखा कडक थर. पहिला विचार आला चमच्याने उचकटायचा. बरं झालं, थांबलो.

खरवडायचं का नाही?

वितळलेली साखर थंड झाली की कडक होते आणि कोटिंगला घट्ट धरून बसते. सुरीने तुकडा उचकटला तर त्याच्यासोबत कोटिंगचा पापुद्राही निघू शकतो. तारेची घासणी तर त्यावर ओरखडेच पाडते. पण कॅरॅमल पाण्यात विरघळतं. पूर्ण जळून कोळसा झालेला भाग विरघळत नाही, पण बहुतेक वेळा त्याच्या आजूबाजूला आणि खाली कॅरॅमल असतं. ते विरघळलं की कोळसा आपोआप सुटतो.

मी काय केलं

1. गॅस बंद करून पॅन 20 मिनिटं तसाच ठेवला. तापलेल्या पॅनवर गार पाणी ओतलं तर तळ वाकडा होऊ शकतो. शिवाय वितळलेल्या साखरेवर पाणी पडलं की ते उसळतं आणि हात भाजतो.
2. थर पूर्ण बुडेल इतकं, साधारण अर्धा लिटर पाणी घातलं.
3. मंद आचेवर 15 मिनिटं हलकं उकळू दिलं. पाणी कोऱ्या चहासारखं झालं, म्हणजे साखर सुटत होती. अधूनमधून लाकडी उलथन्याने नुसतं ढवळलं, जोर लावला नाही.
4. पाणी कोमट झाल्यावर ओतून दिलं, नवीन घेतलं आणि पुन्हा तेच केलं. दुसऱ्या वेळी काळे पापुद्रे तरंगायला लागले.

तरीही काळं राहिलं तर?

नवीन पाण्याला उकळूनही रंग येत नसेल, तर विरघळण्यासारखं फारसं उरलेलं नाही. मग अर्धा लिटर पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा घालून 10 मिनिटं मंद उकळा, कोमट होऊ द्या आणि मऊ स्पंजने पुसा. कोरडा सोडा घासू नका, त्याचे कण कोटिंगवर घासले जातात.

शेवटी पॅन गार झाल्यावर बोट फिरवून बघा. खरखरीत लागलं तर थर बाकी आहे, पुन्हा पाणी उकळा. गुळगुळीत लागलं आणि फक्त तपकिरी छटा दिसली, तर तो डाग आहे. तो राहू द्या, त्याच्यामागे लागून कोटिंग घालवू नका.

हे कुठे चालत नाही

कोटिंग सुटून खालचा चंदेरी धातू दिसत असेल, तर कितीही उकळून ते परत येणार नाही. रिकामा पॅन मोठ्या आचेवर ठेवून डाग ‘जाळून’ टाकायचा प्रयत्नही करू नका. टेफ्लॉनसारखं कोटिंग साधारण 260 अंश सेल्सियसच्या वर खराब व्हायला लागतं आणि त्याहून जास्त तापलं तर त्याचा धूर घातक असतो.

माझा पॅन दोन उकळ्यांत आणि एका सोड्याच्या फेरीत साफ झाला. कस्टर्ड मात्र दुसऱ्या दिवशी, फोन सायलेंटवर ठेवून.