बाराच्या पटीत लपलेले ५.६ टक्के

१९५६ साली मायरन गॉर्डन आणि एली शापिरो यांनी लोकप्रिय केलेलं सूत्र सोपं होतं: पुढच्या वर्षीचा लाभांश भागिले परताव्याचा दर वजा वाढीचा दर. पुढच्याच वर्षी डेव्हिड ड्युरँडने त्यातली मेख दाखवली. दोन्ही दर जवळ आले की किंमत अनंताकडे पळते.

१९८०च्या दशकात कर्ज काढून कंपन्या विकत घेणाऱ्या फंडांना 'कायमचं' काही नकोच होतं, काही वर्षांत विकून मोकळं व्हायचं होतं. मग एबिटडाची पट वापरणं सोयीचं. वाढीचा दर कागदावरून गेला, पण गणितातून नाही.

बघा, शेवटच्या वर्षी मुक्त रोकड १०० कोटी, एबिटडा २०० कोटी, परताव्याचा दर १० टक्के. बारा पट धरली तर टर्मिनल व्हॅल्यू २,४०० कोटी. आता उलटं सोडवा:

```
g = (2400 × 0.10 − 100) / (2400 + 100) = 5.6%
```

देशाचा जीडीपी महागाई धरून ४ टक्क्यांनीच वाढणार असेल, तर ही कंपनी कधीतरी त्याच्याहून मोठी होणार! ४ टक्के घातले तर येतात १,७३३ कोटी, म्हणजे जेमतेम ८.७ पट.

अर्थात हा आकडाही साधाभोळा नाही. त्या ४ टक्के वाढीसाठी लागणारी गुंतवणूक १०० कोटींतून आधीच वजा केलीय का? शेवटच्या वर्षी भांडवली खर्च घसाऱ्याइतकाच दाखवला असेल, तर बहुधा नाही.