कोयता

कोयता : झाडझुडूप तोडण्याचे लोखंडी पात्याचे हत्यार. उत्तर कोकणात भाईंदर-वसई पट्ट्यापासून डहाणूपर्यंत ते कमरेच्या आकडीत अडकवून नेतात. लोहार बरेचदा ट्रकच्या जुन्या पाट्यापासून ते घडवतो.

पात्याचे टोक धारेकडे वळलेले असते. या बाकात फांदी अडकते, घाव निसटत नाही आणि करवंदीची काटेरी फांदी हात न लावता ओढता येते. दाट झाडीसाठी पाठ जाड, सुमारे ५-६ मिमी., आणि वजन टोकाकडे हवे. पाते बोटावर तोलले असता तोल मुठीपासून बराच पुढे सापडला, तर घाव जड पडतो. मनगटाएवढी फांदी तिरप्या घावांनीच तोडावी; आडवा घाव लाकडात रुततो.

गवत व कोवळ्या झुडपांवर हाच कोयता फसतो. लवचीक काडी जड पात्यापुढे नुसती वाकते आणि हात लवकर थकतो. तेथे २-३ मिमी.चे हलके, वेगाने फिरणारे पाते किंवा ओढून कापणारा विळा बरा. पातळ पाते कठीण लाकडावर चालवल्यास धार दुमडते; पाणी जास्त कडक दिलेले असल्यास तिचे तुकडे उडतात.